दोन मास्क, दोन रंग आणि विषम कडं

मोबाइलमधल्या चिपवर धातूच्या कोट्यवधी बारीक तारा असतात. त्या कुणी ओढत नाही, छापतात. क्वार्ट्झच्या काचेवर तारांचा नकाशा कोरलेला असतो, त्याला मास्क म्हणतात. त्यातून प्रकाश सोडायचा, भिंगांनी प्रतिमा चौपट लहान करायची आणि सिलिकॉनच्या चकतीवरच्या प्रकाशसंवेदी लेपावर ती पाडायची. लेप धुतला की नकाशा उमटतो, आणि त्या नकाशाबरहुकूम खालचा थर कोरला जातो. तत्त्व जुन्या फोटो स्टुडिओतलंच, फक्त माप नॅनोमीटरचं.

अडचण या मापातच आहे. अनेक वर्षं या कामासाठी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर प्रकाश वापरला जात आला आहे. भिंग आणि चकती यांच्यामध्ये पाणी भरून या प्रकाशाकडून शक्य तेवढं काम काढून घेतलं, तरी एका तारेपासून पुढच्या तारेपर्यंतचं अंतर साधारण ८० नॅनोमीटरच्या खाली गेलं की दोन तारांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात. आणि ‘२० नॅनोमीटर’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पिढीत हे अंतर ६४ नॅनोमीटरवर आलं होतं. (या उद्योगात पिढीचं नाव आणि प्रत्यक्ष माप यांचा मेळ बसण्याची अपेक्षा ठेवू नये.)

मग एकच नकाशा दोन मास्कवर वाटून द्यायचा, असा मार्ग निघाला. काही पट्ट्या पहिल्या मास्कवर, उरलेल्या दुसऱ्यावर. चकतीवर आधी एक छापायचा आणि कोरायचा, मग त्याच जागी दुसरा छापायचा आणि कोरायचा. प्रत्येक मास्कवर पट्ट्या विरळ राहतात, म्हणून प्रकाशाला झेपतं, आणि चकतीवर मात्र दोन्ही मिळून दाट नकाशा तयार होतो. याला डबल पॅटर्निंग म्हणतात. अट एवढीच, की ठरावीक अंतरापेक्षा जवळ असलेल्या दोन पट्ट्या कधीही एका मास्कवर येता कामा नयेत.

ही अट साधी दिसते, पण ती प्रत्येक नकाशाला पाळता येत नाही. आणि एखाद्या नकाशाला ती पाळता येणार आहे की नाही, हे कारखान्यात चकत्या वाया घालवल्यावर कळून उपयोग नसतो. ते आधी, संगणकाच्या पडद्यावर नकाशा असतानाच कळायला हवं.

पट्ट्यांची लांबी, रुंदी, आकार हे सगळं आता विसरू या. प्रत्येक पट्टीच्या जागी कागदावर एक बिंदू काढू आणि ज्या दोन पट्ट्या नको तितक्या जवळ आहेत त्यांच्या बिंदूंमध्ये एक रेघ ओढू. बिंदू आणि रेघा यांच्या अशा जाळ्याला गणितात ग्राफ म्हणतात. शेअर बाजाराच्या वरखाली जाणाऱ्या रेषेशी त्याचा संबंध नाही. पहिला मास्क म्हणजे तांबडा रंग, दुसरा म्हणजे निळा. आता प्रश्न असा होतो: प्रत्येक बिंदूला तांबडा किंवा निळा रंग असा देता येईल का, की कोणत्याही रेघेच्या दोन टोकांना एकच रंग येणार नाही? ज्या ग्राफला असं रंगवता येतं त्याला बायपार्टाइट, म्हणजे दोन तटांत वाटता येणारा ग्राफ, म्हणतात.

सगळ्या शक्यता तपासून पाहू म्हटलं तर ते होणार नाही. प्रत्येक बिंदूला दोन पर्याय, म्हणून ४० बिंदूंना एक लाख कोटींहून अधिक रंगरचना होतात. चिपच्या एका थरावर ४० नव्हे, कोट्यवधी पट्ट्या असतात.

दुसरा सुचणारा उपाय म्हणजे यादीतल्या क्रमानं रंगवत जायचं. समोर येईल तो बिंदू घ्यायचा, त्याच्या रंगलेल्या शेजाऱ्यांशी भांडण होणार नाही असा रंग द्यायचा, पुढे सरकायचं. हा उपाय झटपट आहे, पण खोटी बोंब मारतो. चार बिंदू एका ओळीत जोडलेले आहेत असं समजा. यादीत नेमके दोन्ही टोकांचे बिंदू आधी आले. त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही, म्हणून दोघांनाही तांबडा दिला. मग दुसरा बिंदू आला, त्याला निळा. आता तिसऱ्याच्या एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला तांबडा, त्याला रंगच उरला नाही. खरं तर एकाआड एक रंग दिले असते तर ती ओळ बिनतक्रार रंगली असती. दोष ग्राफचा नव्हता. चौथ्या बिंदूला रंग देताना आपण पुरेशी माहिती नसताना निवड केली, तिथे चूक झाली.

यातच खरी किल्ली सापडते. निवड करण्याची वेळच येऊ द्यायची नाही. एका बिंदूला तांबडा दिला की त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांना निळा येणार, हे ठरलेलंच आहे, त्यात आपली मर्जी चालत नाही. त्या शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांना तांबडा, त्यांच्या शेजाऱ्यांना पुन्हा निळा. रंगलेल्या बिंदूंना लागून असलेल्यांनाच पुढे रंगवत गेलो, तर पहिल्या बिंदूनंतरचा प्रत्येक रंग सक्तीचा असतो. आणि सक्तीनं आलेल्या रंगांत भांडण निघालं, तर ते आपल्या निवडीमुळे निघालं असं कुणाला म्हणता येत नाही.

हे रंगवणं शिस्तीत करायची रीत म्हणजे ब्रेड्थ-फर्स्ट सर्च, थरांनी पसरणारा शोध. आधी सुरुवातीच्या बिंदूचे सगळे शेजारी, मग एका टप्प्यापलीकडचे सगळे, मग दोन टप्प्यांपलीकडचे. बेल लॅब्जमधल्या एडवर्ड मूर यांनी १९५९ मध्ये भुलभुलैयातून सर्वांत जवळची वाट काढण्यासाठी ती मांडली. १९६१ मध्ये सी. वाय. ली यांनी तीच रीत विद्युतमंडलांत तारांचे मार्ग आखण्यासाठी वापरली. त्याही आधी, १९४५ मध्ये, जर्मनीत कोनराड त्सूझं यांनी आपल्या प्लानकाल्क्यूल या संगणकभाषेसंबंधीच्या लिखाणात ती नोंदवली होती. पण ते लिखाण १९७२ पर्यंत छापलंच गेलं नाही.

या रीतीला लागते एक रांग, रेशनच्या दुकानासमोर असते तशी, मागून येऊन उभं राहायचं आणि पुढून बाहेर पडायचं. आता एक छोटा नकाशा प्रत्यक्ष घेऊ. शक्यतो कागद-पेन्सिल जवळ घ्या, पुढचं वाचणं सोपं जाईल.

नऊ पट्ट्या आहेत. त्यांना १ ते ९ क्रमांक देऊ. खूप जवळ असलेल्या जोड्या अशा: १ आणि २, १ आणि ३, २ आणि ४, ३ आणि ५, ४ आणि ५, ४ आणि ६, ६ आणि ७. याशिवाय ८ आणि ९ एकमेकींच्या जवळ आहेत, पण बाकीच्यांपासून लांब, कोपऱ्यात. एकूण आठ रेघा.

सुरुवात १ पासून. त्याला तांबडा देऊन रांगेत उभा केला. रांगेतून १ बाहेर काढला आणि त्याचे शेजारी पाहिले: २ आणि ३. दोघे कोरे आहेत, म्हणून दोघांना निळा. दोघांच्याही नावापुढे ‘१ कडून आला’ अशी नोंद करायची, ही नोंद पुढे फार उपयोगी पडणार आहे. दोघे रांगेत गेले.

आता २ बाहेर आला. त्याचे शेजारी १ आणि ४. १ तांबडा आहे आणि २ निळा, ठीक. ४ कोरा आहे, त्याला तांबडा, नोंद ‘२ कडून’. रांगेत आता ३ आणि ४ आहेत. मग ३ बाहेर आला. १ शी त्याचं जुळतं. ५ कोरा आहे, त्याला तांबडा, नोंद ‘३ कडून’. रांगेत ४ आणि ५.

४ बाहेर आला. शेजारी २ निळा आहे, ठीक. पुढचा शेजारी ५. तो रंगलेला आहे, आणि त्याचा रंग तांबडा. ४ सुद्धा तांबडाच. भांडण सापडलं. ६, ७, ८, ९ यांच्याकडे बघण्याचीही गरज उरली नाही. हा नकाशा दोन मास्कवर वाटता येणार नाही.

बरेच वर्ग आणि बरीच पुस्तकं इथे थांबतात. ‘नाही’ असं उत्तर मिळालं की काम संपलं. पण नकाशा आखणाऱ्या माणसाला नुसतं ‘नाही’ ऐकून काय करता येणार? कुठे अडलं ते त्याला दाखवायला हवं. ‘४ आणि ५ यांच्यात भांडण’ एवढं सांगूनही भागत नाही, कारण ४ आणि ५ या दोघांना एकेकटं पाहिलं तर त्यांना वेगळे रंग देण्यात काहीच अडचण नाही. अडचण त्यांच्यापर्यंत पोचलेल्या वाटांमुळे आहे. म्हणून ‘कुणाकडून आला’ ही नोंद.

४ पासून मागे चला: ४ आला २ कडून, २ आला १ कडून. ५ पासून मागे चला: ५ आला ३ कडून, ३ आला १ कडून. दोन्ही वाटा १ पाशी मिळाल्या. आता ४, २, १, ३, ५ आणि ४ व ५ यांना जोडणाऱ्या रेघेनं पुन्हा ४, असं एक बंद कडं तयार झालं. त्यात पाच रेघा आहेत. पाच ही विषम संख्या आहे, आणि सगळी गोम तिच्यात आहे. कोणत्याही विषम कड्याभोवती तांबडा-निळा-तांबडा-निळा असं मोजत चाललात तर सुरुवातीच्या बिंदूवर परत येताना रंग उलटा पडतो. पाच रेघांच्या कड्याला दोन रंग कसेही फिरवले तरी पुरणार नाहीत. सगळ्यांत लहान विषम कडं तीन रेघांचं असतं. तिघेही एकमेकांच्या जवळ, मास्क दोनच, त्यामुळे कुणीतरी दोघे एकत्र येणारच.

भांडण सापडलं की प्रत्येक वेळी असं विषम कडं निघतंच का? निघतं, आणि त्याचं कारण थरांमध्ये आहे. सुरुवातीचा बिंदू शून्याव्या थरात, त्याचे शेजारी पहिल्या थरात, त्यांचे नवे शेजारी दुसऱ्यात. एखादा बिंदू दुसऱ्या थरात असेल तर त्याचा कोणताही शेजारी चौथ्या थरात असू शकत नाही, कारण दुसऱ्या थरातल्या बिंदूकडूनच तो फार तर तिसऱ्यात ओढला गेला असता. म्हणजे प्रत्येक रेघ एक तर लगतच्या दोन थरांना जोडते किंवा एकाच थरातल्या दोघांना. रंग थराप्रमाणे बदलतात, त्यामुळे लगतच्या थरांना जोडणाऱ्या रेघेवर भांडण होऊच शकत नाही. ते नेहमी एकाच थरातल्या दोन बिंदूंमध्ये होतं. आणि एकाच थरातले दोघे नोंदी वाचत बरोबरीनं मागे चालत गेले की समान पावलं टाकून एका सामाईक पूर्वजाशी भेटतात. एकाची तीन पावलं असतील तर दुसऱ्याचीही तीनच. दोन्ही बाजूंची पावलं मिळून सम संख्या, त्यात भांडणाची एक रेघ मिळवली की विषम.

म्हणून या तपासणीचं उत्तर कोणतंही असो, ते पुराव्यासकट येतं. ‘हो’ असेल तर हातात रंगवलेला ग्राफ असतो, एकेक रेघ पाहून कुणीही खात्री करून घ्यावी. ‘नाही’ असेल तर हातात विषम कडं असतं, त्यातल्या रेघा बोटांनी मोजाव्यात. ज्या प्रोग्रॅमनं उत्तर दिलं त्याच्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. माझ्या मते ही या रीतीची सर्वांत मोलाची बाजू आहे, वेगापेक्षाही. वेगसुद्धा कमी नाही म्हणा: प्रत्येक बिंदू रांगेत एकदाच जातो आणि प्रत्येक रेघ फार तर दोनदा पाहिली जाते, एकेका टोकाकडून एकदा. एक कोटी बिंदू आणि तीन कोटी रेघा असल्या तर सहा कोटी वेळा नजर टाकायची. संगणकाला हे काम किरकोळ आहे.

विषम कडं नसणं आणि दोन रंगांत रंगवता येणं या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे हंगेरीचे गणिती देनेश क्योनिग यांनी दाखवलं. त्यांचं १९३६ मध्ये लाइपझिगहून प्रसिद्ध झालेलं जर्मन पुस्तक हे ग्राफ या विषयावरचं पहिलं स्वतंत्र पाठ्यपुस्तक मानतात. क्योनिग बुडापेस्टमध्ये शिकवत. १९४४ मध्ये हंगेरीत नाझीधार्जिणी राजवट आली आणि ज्यूंचा छळ टिपेला पोचला, तेव्हा त्यांनी आत्महत्या केली. त्या वेळी चिप हा प्रकारच जन्माला आलेला नव्हता.

तर आपल्या नकाशाकडे परत येऊ. कडं सापडलं, आता ते तोडायचं कसं? सरळ उपाय म्हणजे कड्यातली एक रेघ नाहीशी करायची, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर वाढवायचं. समजा ५ क्रमांकाची पट्टी ४ पासून थोडी दूर सरकवली. ४ आणि ५ यांच्यातली रेघ गेली, पाचाचं कडं मोडलं. पुन्हा रंगवून पाहिलं तर १ तांबडा, २ आणि ३ निळे, ४ आणि ५ तांबडे, ६ निळा, ७ तांबडा. सुटलं.

पण चिपवर मोकळी जागा पडून नसते. ५ ला सरकवताना ती ७ च्या जास्त जवळ गेली, तर ५ आणि ७ यांच्यात नवी रेघ उगवेल. पुन्हा १ पासून सुरू करा. या वेळी ७ चा पत्ता ५ कडून लागतो, म्हणून तो तिसऱ्या थरात येतो, निळा. ६ सुद्धा तिसऱ्या थरात, ४ कडून आलेला, तोही निळा. आणि ६ व ७ शेजारी आहेत. पुन्हा भांडण. मागे चालत गेलं की कडं मिळतं ६, ४, २, १, ३, ५, ७ आणि परत ६. सात रेघा. पाचाचं कडं मोडून साताचं करून ठेवलं! म्हणून दुरुस्तीनंतर तपासणी पुन्हा करावी लागते, आणि नुसती दुरुस्तीच्या जागेजवळ नव्हे, त्या पट्टीशी दुरून जोडलेल्या सगळ्या जाळ्यावर. या कामात नवख्याला सर्वांत चकवणारी गोष्ट हीच आहे. दोन पट्ट्यांमधलं किमान अंतर हा स्थानिक नियम असतो, फूटपट्टी लावली की कळतो. विषम कडं मात्र एखाद्या मोठ्या क्षेत्रावर पसरलेलं असू शकतं, त्यातली प्रत्येक जोडी एकेकटी निर्दोष दिसते.

दुसरा उपाय जास्त चतुर आहे. एखादी लांब पट्टी मधोमध तोडून तिचा एक तुकडा पहिल्या मास्कवर आणि दुसरा तुकडा दुसऱ्यावर ठेवायचा. चकतीवर दोन्ही छापले गेले की तुकडे जुळून पट्टी अखंड होते. याला स्टिच, म्हणजे टाका, म्हणतात. मूळ नकाशात, ४ आणि ५ अजून जवळ असताना, १ क्रमांकाच्या पट्टीला टाका घालून पाहा. समजा २ तिच्या डाव्या भागाजवळ आहे आणि ३ उजव्या भागाजवळ. ग्राफमध्ये १ हा एक बिंदू जाऊन त्याचे दोन झाले, डावा फक्त २ ला जोडलेला आणि उजवा फक्त ३ ला. कडं उघडलं आणि एक सरळ साखळी झाली: डावा तुकडा तांबडा, २ निळा, ४ तांबडा, ५ निळा, ३ तांबडा, उजवा तुकडा निळा. एकही पट्टी न हलवता काम झालं.

टाका फुकट मिळत नाही. दुसरा मास्क पहिल्याच्या ठशावर तंतोतंत बसवणं कुणालाच जमत नाही, काही नॅनोमीटर इकडेतिकडे होतंच. म्हणून दोन तुकडे एकमेकांवर थोडे चढवून ठेवावे लागतात, तसं न केल्यास सांध्यापाशी तार बारीक होते किंवा तुटते. चढवायला जागा नसेल तर टाका घालता येत नाही. शिवाय कमीत कमी किती रेघा काढल्या म्हणजे ग्राफ दोन रंगांत बसेल, हा प्रश्न सर्वसाधारण ग्राफसाठी फारच अवघड आहे. त्याला कुणालाही झटपट रीत माहीत नाही. दोष शोधणं सोपं आणि स्वस्तात स्वस्त दुरुस्ती शोधणं महाकठीण, अशी ही विषम वाटणी आहे.

आपण ८ आणि ९ यांना विसरलो आहोत, आणि हीच चूक प्रोग्रॅम लिहिणारे सर्रास करतात. १ पासून निघालेला शोध कोपऱ्यातल्या ८ पर्यंत पोचतच नाही, कारण तिकडे जाणारी रेघच नाही. रांग रिकामी झाली म्हणून ‘हो’ म्हणून मोकळं झालं आणि त्या कोपऱ्यात तिघांचं कडं असलं, तर ते निसटलं. म्हणून रांग रिकामी झाल्यावर कोरा राहिलेला बिंदू शोधायचा आणि तिथून नव्यानं सुरुवात करायची, एकही कोरा न उरेपर्यंत. ज्यांना थोडं पायथॉन येतं त्यांच्यासाठी सगळी रीत एवढीच:

```python
from collections import deque

def two_colour(adj):
    colour, parent = {}, {}
    for s in adj:
        if s in colour:
            continue
        colour[s], parent[s] = 0, None
        q = deque([s])
        while q:
            u = q.popleft()
            for v in adj[u]:
                if v not in colour:
                    colour[v] = 1 - colour[u]
                    parent[v] = u
                    q.append(v)
                elif colour[v] == colour[u]:
                    return None, (u, v, parent)
    return colour, None
```

बाहेरची `for` ओळ सुट्या तुकड्यांसाठी आहे, आणि `parent` मध्ये ‘कुणाकडून आला’ ही नोंद राहते. रंग बिंदू रांगेत शिरतानाच दिला आहे, बाहेर पडताना नाही, याकडेही लक्ष द्या. बाहेर पडताना दिला तर एकच बिंदू दोन शेजाऱ्यांकडून दोनदा रांगेत घुसतो, आणि दाट ग्राफमध्ये रांग उगाच फुगत जाते.

सुट्या तुकड्यांचा एक फायदाही आहे. प्रत्येक तुकड्यात पहिल्या बिंदूचा रंग तेवढा आपल्या हातात असतो. तो उलटला की तुकड्यातले सगळे रंग उलटतात आणि रंगरचना तरीही बरोबर राहते. छपाईला ही सवलत हवीच असते. दोन्ही मास्कवर पट्ट्यांची दाटी साधारण सारखी असली तर कोरण्याचं काम एकसारखं होतं. एका मास्कवर गर्दी आणि दुसऱ्यावर शुकशुकाट असेल, तर काही तुकड्यांचे रंग उलटून तोल साधता येतो.

थरांऐवजी एकाच वाटेनं खोल शिरत जाणारा शोधही इथे चालतो का? चालतो. हो-नाहीचं उत्तर तेच येतं, रंगही तेवढेच बरोबर. फरक पडतो तो सापडणाऱ्या कड्यात. खोल शिरणारा शोध शेकडो बिंदूंमधून वळसे घेत परत येऊ शकतो आणि तेवढं लांबलचक कडं पुढ्यात टाकतो. थरांनी जाणारा शोध कोणत्याही बिंदूपर्यंत कमीत कमी टप्प्यांत पोचतो, त्यामुळे त्याचं कडं सहसा आटोपशीर असतं. सर्वांत लहान असेलच अशी हमी मात्र नाही, ते सुरुवात कुठून केली यावरही ठरतं. आपल्या मूळ नकाशात ७ पासून सुरुवात केली तर भांडण ४ आणि ५ यांच्याऐवजी १ आणि ३ यांच्यात निघतं, पण कडं तेच पाचाचं. ज्याला पडद्यावर कडं बघून पट्ट्या सरकवायच्या आहेत, त्याला पाच रेघांचं कडं आणि पाचशे रेघांचं कडं यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पट्ट्या आणखी जवळ आल्या तेव्हा दोन मास्कही पुरेनात, आणि काही थरांसाठी तीन वापरायची वेळ आली. वरवर पाहता एक रंग वाढला, म्हणजे काम सोपं व्हायला हवं. आपल्या पाचाच्या कड्याला तीन रंग सहज पुरतात. पण तपासणीची रीत तिथे कोसळते. तीन रंग असताना १ ला तांबडा दिला तर २ ला काय द्यायचं? निळा किंवा हिरवा. सक्ती संपली आणि निवड आली. निवड चुकली तर परत फिरायचं, पुन्हा दुसरी करून पाहायची, आणि फाटे फुटतच जातात. तीन रंगांचा प्रश्न कोणत्याही ग्राफसाठी झटपट सोडवणारी रीत आजवर सापडलेली नाही. १९७० च्या दशकात तो एनपी-कम्प्लीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवघड प्रश्नांच्या गटातला ठरला. विषम कड्यासारखा, बोट ठेवून दाखवता येईल असा आटोपशीर पुरावाही तीन रंगांसाठी सर्वसाधारणपणे हाती लागत नाही. तीन मास्कची सॉफ्टवेअरं नकाशाचे लहान तुकडे पाडून आणि सोपे बिंदू आधी बाजूला काढून काम भागवतात. जिथे सुटत नाही, तिथे ‘जमलं नाही’ म्हणतात. ‘जमणारच नाही’ असं छातीठोक म्हणणं त्यांना प्रत्येक वेळी परवडत नाही.

पुढे १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीची यंत्रं २०१९ च्या सुमारास मोठ्या उत्पादनात आली आणि बऱ्याच थरांसाठी पुन्हा एकच मास्क पुरू लागला. ज्यांना ती यंत्रं मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत, त्यांना १९३ नॅनोमीटरवरच दोन-दोन मास्क लावून काम करावं लागतं.

वरचा प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहायचा असेल तर त्याला आधी तीन नमुने द्या: सुट्या कोपऱ्यात त्रिकोण असलेला ग्राफ, चार बिंदूंची ती ओळ (यादीत टोकं आधी ठेवून), आणि स्वतःलाच जोडलेला एक बिंदू. पहिल्या आणि तिसऱ्याला ‘नाही’ यायला हवं, दुसऱ्याला ‘हो’. त्यानंतरच त्याच्या हाती खरा नकाशा द्या.